भाडेकरू आणि ग्राहकांसाठीच्या कायदेविषयक पानांना शीर्षक देताना

प्रश्न: आमची संस्था भाडेकरू आणि ग्राहकांसाठी मराठीत कायदेविषयक माहितीची पाने तयार करते. सहकाऱ्यांना ‘घरमालक डिपॉझिट देत नाही? असे मिळवा पूर्ण पैसे परत’ अशी शीर्षके हवी आहेत. त्यांचे म्हणणे असे की साधे शीर्षक कोणी उघडत नाही. मला ते खोटे आश्वासन वाटते, पण ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९: काही तरतुदी’ असे शीर्षक दिले तर कोणाला काहीच कळणार नाही. मधला मार्ग कसा काढावा?

उत्तर:

आपल्या सहकाऱ्यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. अडचणीत सापडलेला माणूस अधिनियमाचे नाव शोधत नाही. तो ‘मालक डिपॉझिट देत नाही’ असेच शोधतो आणि शीर्षकात त्याला त्याचीच अडचण त्याच्याच शब्दांत दिसली पाहिजे. बिघाड अडचणीच्या वर्णनात नसून त्यापुढच्या ‘असे मिळवा पूर्ण पैसे परत’ या भागात आहे. म्हणून पहिला भाग ठेवून दुसरा कसा बदलायचा, हे याच पानाच्या आधारे सांगतो.

शीर्षक शेवटी लिहावे, पान पूर्ण झाल्यावर. पान वाचताना प्रत्येक परिच्छेदाजवळ एक प्रश्न विचारावा: वाचकाची कोणती परिस्थिती वेगळी असती तर हे उत्तर उलटले असते? कायद्याच्या माहितीला मर्यादा पुष्कळ असतात आणि त्या सगळ्या शीर्षकात बसत नाहीत. ज्या मर्यादेमुळे उत्तरात थोडा फरक पडतो ती पहिल्या परिच्छेदात सांगितली तरी चालते. जिच्यामुळे उत्तर पूर्ण उलटते, ती मात्र शीर्षकातच हवी, कारण शोधयादीत किंवा व्हॉट्सॲपवर अनेकजण फक्त शीर्षक वाचतात आणि तेवढ्यावर निर्णय घेतात.

आता डिपॉझिटचे पान घेऊ. त्यात साधारणपणे पुढील माहिती असेल, असे धरतो. करारात डिपॉझिट परत देण्याविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. घराचा ताबा देताना किल्ली दिल्याची लेखी पोच घ्यावी, मीटरचे आकडे आणि खोल्यांची छायाचित्रे ठेवावीत. रक्कम न मिळाल्यास मुदत देऊन पोच मिळेल अशा डाकेने नोटीस पाठवावी. तरीही न मिळाल्यास दिवाणी दावा करता येतो. पैसे वसूल करण्याच्या अशा दाव्याला मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे साधारणपणे ३ वर्षांची मर्यादा असते. पान एवढेच देऊ शकते.

या मजकुरापुढे सहकाऱ्यांचे शीर्षक ठेवून पाहा. ‘पूर्ण’ हा शब्द पानावरच टिकत नाही, कारण थकलेले मासिक शुल्क, वीजबिल किंवा घराचे नुकसान डिपॉझिटमधून वळते करण्याचे कलम बहुतेक करारांत असते आणि खरा वाद अनेकदा त्या कपातीवरूनच असतो. ‘मिळवा’ याची हमी देणे पानाच्या हातात नाही. पैसे मिळणे हे पुराव्यावर, मालकाच्या ऐपतीवर, न्यायालयाच्या निर्णयावर आणि हुकूमनामा झाल्यानंतरच्या वसुलीवर अवलंबून असते. ‘असे’ या शब्दातून एक ठरलेली रीत आहे आणि ती पाळली की काम झाले, असे सूचित होते. शिवाय हे कोणत्या भाडेकरूसाठी आहे आणि कोणत्या राज्यात, याबद्दल शीर्षक काहीच सांगत नाही.

यातली ‘कोणता भाडेकरू’ ही मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. आपल्याकडे ११ महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस स्वतःला भाडेकरूच म्हणतो आणि पागडीच्या चाळीत तीन पिढ्या राहणारे कुटुंबही स्वतःला भाडेकरूच म्हणते. कायद्याच्या दृष्टीने पहिला बहुधा लिव्ह अँड लायसन्सवरचा परवानाधारक असतो आणि दुसरा संरक्षित भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात संरक्षित भाडेकरूला घराबाहेर काढायचे तर मालकाला कलम १६ मधील एखादे कारण किंवा कलम १५ प्रमाणे भाड्याची थकबाकी सिद्ध करावी लागते. निवासासाठीच्या परवानाधारकाला मात्र कलम २४ लागू होते: मुदत संपल्यावर ताबा न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि जागा न सोडणाऱ्याला करारातील शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते.

म्हणून ‘मालक भाडेकरूला मनमानीने घराबाहेर काढू शकत नाही’ हे शीर्षक पागडीच्या भाडेकरूसाठी लिहिलेल्या पानावर जवळजवळ बरोबर असते, पण तेच शीर्षक लायसन्सची मुदत संपत आलेल्या तरुणाने वाचले आणि तो निर्धास्त राहिला, तर प्रत्येक महिन्याला त्याच्यावर दुप्पट दराचा बोजा चढत जातो. याहून वाईट म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स मिळाल्यावर कलम ४३ प्रमाणे ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते आणि ‘आपल्याला काढता येत नाही’ असे समजून बसलेला माणूस नेमके तेच दिवस घालवतो. अशा वाचकाने पुढे पान उघडून आतली बारीक सूचना वाचली असती तर तो बचावला असता, हे म्हणणे मला पटत नाही. त्याला चुकीच्या दिशेने शीर्षकानेच नेले.

तेव्हा ‘भाडेकरू’ हा लोकांचा शब्द टाकून ‘परवानाधारक’ लिहावे का? तसे केल्यास ज्याच्यासाठी पान आहे त्यालाच ते आपले वाटणार नाही. येथे सुदैवाने लोकांच्याच तोंडी असलेला एक नेमका शब्दप्रयोग उपलब्ध आहे, तो म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’. एजंटपासून सोसायटीच्या सचिवापर्यंत सगळे तो वापरतात आणि कायद्यातील विभागणीही त्याने बरोबर दाखवली जाते. जुन्या भाडेकरूंसाठीच्या पानावर त्याचप्रमाणे ‘पागडी’ हा शब्द शीर्षकात द्यावा. आपल्या डिपॉझिटच्या पानासाठी मी असे शीर्षक देईन: ‘लिव्ह अँड लायसन्स संपले, मालक डिपॉझिट देत नाही: महाराष्ट्रात काय करता येते’.

यात अडचण वाचकाच्या शब्दांत आहे, करार कोणत्या प्रकारचा हे आहे, राज्य आहे, आणि ‘काय करता येते’ या शब्दांनी पान जेवढे देते तेवढेच कबूल केले आहे. ‘परत मागणे’, ‘तक्रार कशी करावी’, ‘दावा कुठे करता येतो’, ‘कोणती कागदपत्रे लागतात’ ही सगळी क्रियापदे वाचकाच्या हातातील कृती सांगतात. ‘मिळवा’, ‘जिंका’, ‘धडा शिकवा’, ‘वसूल करा’ ही क्रियापदे दुसऱ्याच्या हातातील निकाल सांगतात. शीर्षक तपासताना मी प्रथम क्रियापदच पाहतो. ती कृती वाचक स्वतः करू शकतो की ती न्यायाधीशाने, आयोगाने किंवा समोरच्या पक्षाने करायची आहे? दुसरे असेल तर शीर्षक बदलावे लागते.

नोंदणी न झालेल्या कराराबद्दल मराठीत वारंवार दिसणारे एक विधानही याच तपासणीत अडकते. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि असा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. यावरून ‘करार नोंदवला नाही? मग भाडेकरू म्हणेल तेच खरे’ असे शीर्षक केले जाते. मूळ तरतुदीत मात्र ‘अन्यथा सिद्ध होईपर्यंत’ अशी अट आहे. मालकाकडे बँकेच्या नोंदी किंवा संदेश असतील तर चित्र बदलू शकते. या पानाला ‘करार नोंदवलेला नसेल तर पुराव्याचा भार कोणावर? महाराष्ट्रातील लिव्ह अँड लायसन्स’ असे शीर्षक पुरेसे आहे आणि त्यातून कोणाची फसगत होत नाही.

राज्याचे नाव शीर्षकात असावे असा माझा आग्रह आहे, आणि मराठी पानांबाबत तो अधिकच. मराठी वाचणारा माणूस महाराष्ट्रातच राहतो असे नाही. पणजीतील वाचकाला १९६८ चा गोवा, दमण आणि दीवचा इमारत भाडे कायदा लागू होतो, बेळगावच्या वाचकाला कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा, तर इंदूरच्या वाचकाला मध्य प्रदेशाचा १९६१ चा. आपले पान त्यांनाही शोधात दिसणार आहे. ‘महाराष्ट्रात’ हा एक शब्द त्यांचा वेळ आणि कदाचित नोटिशीचा खर्चही वाचवतो. महाराष्ट्रातही भाडे नियंत्रण अधिनियम अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो, आणि बँका, सार्वजनिक उपक्रम किंवा १ कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागा त्यातून वगळलेल्या आहेत. परंतु आपल्या घरगुती वाचकाच्या बाबतीत ही गोष्ट क्वचितच उत्तर उलटवते, म्हणून ती पहिल्या परिच्छेदात सांगावी, शीर्षकात नको. कंपनीला भाड्याने दिलेल्या गाळ्याविषयी पान असेल तर मात्र तीच गोष्ट शीर्षकात आणावी लागेल.

अशीच गल्लत आदर्श भाडेकरार कायद्याच्या बाबतीत झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी त्याला मंजुरी दिली आणि त्यात निवासी जागेसाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावे अशी तरतूद आहे. त्यावर ‘आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणे बेकायदेशीर’ अशी शीर्षके फिरू लागली. हा कायदा म्हणजे राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने तो आपल्या कायद्यात आणल्याशिवाय कोणत्याही मालकावर बंधनकारक होत नाही. ज्या वाचकाने त्या शीर्षकावर विसंबून मालकाशी भांडण केले, त्याच्या हातात दाखवायला लागू होणारे कलमच नव्हते. येथे ‘आता’ हा शब्द दोषी आहे. मंजुरी, संमती, अंमलबजावणीची तारीख आणि राज्याचा स्वीकार या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि शीर्षकात नियम लागू असल्याचे तेव्हाच म्हणावे जेव्हा यातली शेवटची पायरी पूर्ण झालेली असते.

ग्राहकविषयक पानांचा प्रश्न वेगळा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा केंद्रीय कायदा असल्याने तेथे राज्याचे नाव शीर्षकात असण्याची गरज नसते. तेथे गोंधळ होतो तो मुदतींचा. ‘ग्राहक आयोगात ३ महिन्यांत निकाल’ हे शीर्षक मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये ३ महिन्यांचा उल्लेख आहे हे खरे, परंतु विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी करावी लागली तर ५ महिन्यांत, निर्णय देण्याचा प्रयत्न करावा, असे ते कलम म्हणते. तक्रार दाखल केल्याच्या दिवसापासून ही गणना होत नाही आणि मुदत उलटली म्हणून ग्राहक आपोआप जिंकतही नाही. याउलट कलम ६९ मधील २ वर्षांची मुदत थेट ग्राहकावर बंधनकारक आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार केली नाही, तर उशिराचे पुरेसे कारण आयोगाला पटवून द्यावे लागते. शीर्षक लिहिणारे नेमके उलटे करतात: आयोगाने पाळायची मुदत आश्वासन म्हणून वर आणतात आणि वाचकाने पाळायची मुदत तळाशी ठेवतात. मी त्या पानाला ‘सदोष वस्तू किंवा सेवेबद्दल ग्राहक आयोगात तक्रार: २ वर्षांच्या आत कशी करावी’ असे शीर्षक देईन. हा आकडा वाचकाला काही मिळेल असे सांगत नाही, पण त्याने काय चुकवू नये ते सांगतो, आणि शीर्षकातील जागा अशा आकड्यासाठी खर्च करणे योग्य आहे.

आकड्यांचा दुसरा धोका म्हणजे ते जुने होतात. २०१९ च्या अधिनियमानुसार दिलेल्या मोबदल्याची रक्कम १ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे जात होत्या. अधिनियम २०२० च्या जुलैमध्ये अमलात आला आणि ३० डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा ५० लाखांवर आणली. त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक रकमेसाठी राष्ट्रीय आयोग. म्हणजे ‘१ कोटीपर्यंतची तक्रार जिल्हा आयोगात’ हे शीर्षक दीड वर्षातच चुकीचे ठरले, आणि ज्यांनी ते बदलले नाही त्यांच्या वाचकांची तक्रार चुकीच्या आयोगाच्या दारात गेली असणार. नियमांनी बदलता येणारे आकडे मी शीर्षकात घेत नाही. ‘किती रकमेची तक्रार कोणत्या आयोगात’ एवढे लिहून आकडे पानात ठेवतो आणि ‘शेवटची तपासणी’ म्हणून तारीख देतो. शीर्षकात नुसते चालू वर्ष घालण्याची जी पद्धत आहे, ती त्या वर्षी मजकूर खरोखर कलमाशी ताडून पाहिला असेल तरच प्रामाणिक असते. जानेवारीत सगळ्या पानांवरील वर्ष एकदम बदलणे म्हणजे न केलेली तपासणी केल्याचे सांगणे होय.

यावरून शीर्षकात ठाम विधान करूच नये असा अर्थ कृपया काढू नये. जे उत्तर वाचकाच्या परिस्थितीने उलटत नाही, ते शीर्षकात स्पष्ट द्यावे. ‘भाडेकरू १२ वर्षांनी घराचा मालक होतो का?’ हे प्रश्नार्थक शीर्षक दिसायला सावध आहे, पण ते पसरलेला गैरसमज आणखी पसरवते, कारण न उघडणाऱ्याच्या मनात ‘१२ वर्षे’ आणि ‘मालक’ एवढेच राहते. भाडेकरूचा ताबा मालकाच्या संमतीने असतो, त्यामुळे तो मालकी मिळवून देणारा विरोधी ताबा ठरत नाही. म्हणून ‘केवळ १२ वर्षे भाड्याने राहिल्याने भाडेकरू मालक होत नाही’ असे सरळ लिहावे. ‘केवळ’ हा शब्द तेथे आवश्यक ती अट सांभाळतो. प्रश्नचिन्ह जेथे उत्तर खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे तेथे वापरावे. उदाहरणार्थ, ‘दुकानासाठी घेतलेल्या यंत्राबद्दल ग्राहक म्हणून तक्रार करता येते का?’ व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू अधिनियमाच्या बाहेर जाते, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू आत राहते, आणि कोण कोठे बसतो हे पानच सांगू शकते.

लांबीबद्दल सांगायचे तर शोधयादीत शीर्षकाला रुंदीची मर्यादा असते आणि शेवटचे शब्द कापले जातात. देवनागरीसाठी अक्षरांचा पक्का आकडा धरू नये. मोबाइलवर प्रत्यक्ष पाहावे. कापले गेले तरी व्याप्ती उरली पाहिजे, म्हणून कराराचा प्रकार आणि राज्य पुढे घ्यावे आणि बाकीचा तपशील पानावरील मोठ्या शीर्षकात द्यावा:

```html
<title>लिव्ह अँड लायसन्स, महाराष्ट्र: मालक डिपॉझिट देत नसेल तर</title>
<h1>लिव्ह अँड लायसन्स संपले, मालक डिपॉझिट देत नाही: महाराष्ट्रात काय करता येते</h1>
```

दोन्हींत शब्द कमी-जास्त असू शकतात, पण वचन एकच हवे. शोधयादीत ‘पूर्ण पैसे परत’ आणि पान उघडल्यावर ‘काय करता येते’ अशी विभागणी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो स्वीकारू नये. संदेशातून पान पाठवल्यावर जे शीर्षक दिसते, ते `og:title` मध्ये वेगळे भरलेले असते. तेथे जुने भडक शीर्षक राहून गेलेले मला वारंवार आढळते.

आपल्या संस्थेत वकील असतील आणि पाने त्यांच्या नावाने निघत असतील, तर आणखी एक बंधन आहे. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही आणि २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर ठरावीक माहिती देण्याचीच मुभा मिळाली. निकालाची खात्री देणारे शीर्षक तेथे नियमभंगाच्याही जवळ जाते.

शीर्षक ठरल्यावर ते पानाशिवाय, नुसते कागदावर लिहून, कायद्याशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवावे आणि विचारावे: हे पान कोणासाठी आहे, आणि वाचल्यावर तुमच्या हातात काय येईल? उत्तरात ‘पैसे मिळतील’ आले तर क्रियापद चुकले आहे. ‘सगळ्याच भाडेकरूंसाठी’ आले तर व्याप्ती राहिली आहे. पान प्रसिद्ध झाल्यावर कोणते शब्द शोधून लोक तेथे येतात ते महिन्या-दोन महिन्यांनी पाहावे. लायसन्सच्या पानावर ‘पागडी’ शोधणारे येत असतील, तर पहिल्याच ओळीत त्यांना योग्य पानाकडे पाठवावे. मदतीसाठी येणाऱ्यांच्या तोंडी ‘पण तुमच्या पानावर तर लिहिले होते’ हे वाक्य आले, की त्या पानाचे शीर्षक त्याच दिवशी काढून तपासावे.

जुनी पाने पुष्कळ असतील तर सुरुवात घर खाली करण्याविषयीच्या आणि समन्सविषयीच्या पानांपासून करावी, कारण तेथे चुकीच्या शीर्षकामुळे गेलेले ३० दिवस सहसा परत मिळत नाहीत. त्यानंतर ग्राहक तक्रारीच्या मुदतींची पाने घ्यावीत आणि मग डिपॉझिटची. पत्ता तोच ठेवून फक्त शीर्षक बदलावे, म्हणजे आधी पाठवलेले दुवे चालू राहतील आणि ज्यांच्याकडे जुने शीर्षक पोचले आहे त्यांनी पुन्हा पान उघडले तर त्यांना नवे दिसेल.